अर्धे विकावेत की सगळे धरावेत?

"मॅडम, पहिल्या टार्गेटला अर्धे शेअर विकले की भाव पळतो आणि हळहळ लागते. सगळे धरले की आलेला नफा डोळ्यांदेखत जातो आणि झोप उडते. नक्की काय करू?"

कॉलेज रोडवरच्या माझ्या खोलीत हा प्रश्न गेली काही वर्षं सतत येतो आहे. कधी अंबडच्या कारखान्यातला सुपरवायझर विचारतो, कधी निवृत्त शिक्षक. कोणता शेअर घ्यावा हे मी कुणाला सांगत नाही, ते माझं काम नाही. पण मानसशास्त्राकडे वळण्याआधी मी संख्याशास्त्र शिकले, त्याचा इथे फार उपयोग होतो. भावनेला नुसतं कुरवाळून ती निवत नाही, तिच्या मुळाशी असलेली समजूत पुराव्यावर घासून पाहावी लागते, असं मी मानते. निफाडकडच्या एका गृहस्थांची हकीकत म्हणूनच सांगते. ओळख लपवण्यापुरते तपशील बदलले आहेत.

घरची शेती, शिवाय नोकरी. काही दिवस ते काही आठवडे शेअर धरायचे, अशी त्यांची पद्धत. प्रत्येक व्यवहारात जास्तीत जास्त ४,००० रुपयांचा तोटा सोसायचा हे पक्कं ठरलेलं. म्हणजे ५०० रुपयांचा शेअर, तोटा घेऊन बाहेर पडायचा भाव म्हणजे स्टॉप लॉस ४८०, क्वांटिटी २००. पहिलं टार्गेट ५२०, दुसरं ५६०. ५२० आला की शंभर शेअर विकायचे आणि उरलेल्या शंभरांचा स्टॉप खरेदीच्या भावावर आणायचा. "मग ट्रेड फुकटात पडतो," असं ते म्हणायचे.

"ही सवय कुणाची?" मी विचारलं.

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमचे आण्णा उन्हाळी कांदा असाच विकतात. अर्धा निघाल्या निघाल्या लासलगावला, अर्धा चाळीत."

"चाळीतला कांदा तसाच राहतो का?"

"कसला राहतोय! वजन घटतं, सड लागते."

"शेअरला सड लागते का?"

ते हसले, पण मला धागा सापडला होता. आण्णांचा हिशोब कांद्यासाठी बरोबर होता, कारण तिथे थांबण्याची किंमत मोजावी लागते आणि घरात रोख लागते. मुलाने तो हिशोब तपासून न पाहता दुसऱ्याच मालाला लावला होता.

मी त्यांना घरी काम दिलं. शेवटचे शंभर व्यवहार काढायचे आणि आपण कुठे विकलं ते विसरून चार्टवर एवढंच पाहायचं, की मूळ स्टॉप लागण्याआधी भाव पहिल्या टार्गेटला पोचला का, दुसऱ्याला पोचला का, आणि मधे खरेदीच्या भावाला शिवून गेला का. ही नोंद बहुतेकांकडे नसते. विकल्यावर चार्ट बंद होतो, म्हणून पश्चात्ताप राहतो आणि माहिती राहत नाही. त्यांना तीन आठवडे लागले.

शंभरांपैकी ४५ व्यवहार थेट स्टॉपला गेले. ५५ पहिल्या टार्गेटला पोचले. त्यातले ३३ पुढे दुसऱ्यालाही पोचले, २२ उलटून मूळ स्टॉपवर आले. पण दुसऱ्या टार्गेटला गेलेल्या त्या ३३ पैकी १२ वाटेत खरेदीच्या भावाला शिवून मगच वर गेले होते.

खर्च बाजूला ठेवून, आणि स्टॉप ठरलेल्या भावालाच लागला असं धरून, आम्ही कागदावर बेरीज केली. त्यांच्या चालू पद्धतीने शंभर व्यवहारांत ५६,००० सुटत होते, म्हणजे एका व्यवहारामागे सरासरी ५६० रुपये. यालाच एक्सपेक्टन्सी म्हणतात. मग एकच गोष्ट बदलली. अर्धे विकायचे, पण उरलेल्याचा स्टॉप मूळ जागीच ठेवायचा. सरासरी ८४० झाली.

"म्हणजे फुकटचा ट्रेड मला महाग पडला?"

पडलाच होता. खरेदीच्या भावावर आणलेल्या स्टॉपने २२ वेळा थोडं वाचवलं आणि १२ वेळा मोठा नफा घालवला. बाजाराला तुमचा खरेदीचा भाव ठाऊक नसतो, तो फक्त तुमच्या मनात असतो.

पुढचे दोन आकडे मी मुद्दाम शेजारी शेजारी लिहायला लावले. सगळे शेअर पहिल्याच टार्गेटला विकले तर सरासरी ४०० रुपये. सगळे दुसऱ्यापर्यंत धरले तर १,२८०. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, ८४० तर बरोब्बर या दोघांच्या मधोमध आहे."

त्या क्षणाची मी वाट पाहत होते. अर्धे विकणं ही तिसरी, शहाणी वाट आहे असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते एकाच एंट्रीवर चालणारे दोन अर्धे व्यवहार असतात, एक लवकर बाहेर पडणारा आणि एक थांबणारा. त्यांची सरासरी दोघांतल्या सरस व्यवहाराच्या वर जाऊच शकत नाही.

"मग उद्यापासून सगळे धरतो," ते म्हणाले.

इथे मी त्यांना थांबवलं. पूर्ण धरण्यात शंभरातले ६७ व्यवहार तोट्याचे. त्या प्रमाणात लागोपाठ आठ-नऊ स्टॉप लागणं अगदी सामान्य आहे. अर्धे विकताना पूर्ण तोटा ४५ वेळा, तिथे सलग पाचच्या आसपास. एक्सपेक्टन्सी शेवटची बेरीज सांगते, खात्यातल्या रकमेचा आलेख, म्हणजे इक्विटी कर्व्ह, तिथवरचा रस्ता दाखवतो, आणि माणूस रस्त्यातच पद्धत सोडतो. ३६,००० खाली गेल्यावर दहावी एंट्री घेणारे मी फार थोडे पाहिले आहेत.

म्हणून रस्त्याचे खड्डेही मोजले. प्रत्येक निकाल सरासरीपासून किती दूर उडतो याचं माप पूर्ण धरताना साधारण ७,५०० रुपये आलं, अर्धे विकताना ५,२५०. मग मी विचारलं, "हे माप ५,२५० वर आणायचं, पण पहिल्या टार्गेटला काहीच विकायचं नाही. कसं कराल?"

बराच वेळ गेला. मग हळूच म्हणाले, "आधीच कमी शेअर घेईन."

२०० ऐवजी १४० शेअर, जोखीम २,८००, आणि पूर्ण धरायचं. हेलकावे जवळजवळ तेवढेच, सरासरी ८९६. वर्षानुवर्षं ज्या निवांतपणासाठी ते चांगले व्यवहार अर्धे कापत होते, तो एंट्रीच्या वेळी क्वांटिटी कमी करूनही मिळत होता. मला या बैठकीचा आजही अभिमान वाटतो, कारण उत्तर त्यांच्या तोंडून आलं.

मात्र ५६ रुपयांच्या फरकावर कुणी घर बांधू नये. ३३ ऐवजी २७ व्यवहारच दुसऱ्या टार्गेटला पोचले असते, तर पहिल्यालाच सगळं विकणं किंचित सरस ठरलं असतं. शंभर व्यवहारांत सहाचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. शिवाय १४० शेअर घेतल्याने सलग स्टॉपची रक्कम घटते, संख्या नाही. ज्याचं मन रक्कम पाहत नाही, "पुन्हा चुकलो" एवढंच मोजतं, त्याने अर्धे विकत राहावं. त्याची किंमत किती आहे हे मात्र त्याला ठाऊक असावं, आणि स्टॉप खरेदीच्या भावावर आणण्याआधी स्वतःची नोंद तपासावी. तुमचे आकडे वेगळे असतील, आणि उत्तरही.

पुढे दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. "मॅडम, सलग सातवा स्टॉप लागला. १९,६०० गेले."

"आठवा व्यवहार?"

"सकाळीच घेतलाय. १४० शेअर."