मेंदूतल्या गाठीला ‘पट्टकृमी’ म्हणावे का?

प्रश्न (तासगाव): आमचे घर माळकरी आहे, तरीही आत्याला आकडी आल्यावर मिरजेत केलेल्या एमआरआयच्या अहवालात ‘न्यूरोसिस्टिसर्कोसिस’ असे आले. नातेवाईक म्हणतात, ‘डुकराच्या मटणातला पट्टकृमी डोक्यात गेला’. हा शब्दप्रयोग बरोबर आहे का? आणि सोलियम व सॅजिनाटा हे दोन पट्टकृमी नेमके कशाने वेगळे?

उत्तर: हा शब्दप्रयोग बरोबर नाही. शिवाय त्यामुळे माळकरी घरावर मांसाहाराचा नाहक संशय येतो. पट्टकृमी म्हणजे आतड्यात राहणारा, फितीसारखा चपटा, कित्येक मीटर लांबीचा पूर्ण वाढलेला कृमी. तो मेंदूत कधीही जात नाही. मेंदूत सापडते ती त्याच जातीच्या कृमीची अळी, म्हणजे द्रवाने भरलेली, साधारण अर्धा ते एक सेंटीमीटरची पुटी. या अळीला ‘सिस्टिसर्कस’ म्हणतात (ग्रीकमध्ये ‘पिशवी’ आणि ‘शेपूट’ या अर्थांच्या दोन शब्दांचा हा जोड आहे), आणि तिच्यामुळे होणाऱ्या रोगाला सिस्टिसर्कोसिस. आतड्यातल्या लांब कृमीमुळे होतो तो टिनिएसिस. एकाच कृमीच्या दोन अवस्थांमुळे हे दोन रोग होतात, आणि माणसाच्या शरीरात ते दोन वेगळ्या वाटांनी शिरतात.

आता दोन जातींकडे वळू. टिनिया सोलियमच्या डोक्याला, म्हणजे स्कोलेक्सला, चार चूषक असतात आणि टोकावर एक लहानसा उंचवटा असतो. त्या उंचवट्याभोवती लहान-मोठ्या अंकुशांची दोन वलये असतात. अंकुशांची संख्या साधारण 22 ते 32 भरते. टिनिया सॅजिनाटालाही चार चूषक असतात, पण उंचवटा नाही आणि अंकुशही नाहीत, म्हणून जुन्या ग्रंथांत पहिल्याला सशस्त्र आणि दुसऱ्याला निःशस्त्र पट्टकृमी म्हणत. ही नावे लक्षात ठेवायला सोपी असली तरी त्यांच्यामुळे एक गैरसमज रुजला आहे. सोलियमचे अंकुश मेंदूत रुतून इजा करतात आणि म्हणून तो धोकादायक ठरतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात हे अंकुश कृमीला आतड्याच्या भिंतीला धरून राहण्यासाठी असतात, आणि तेथे दोन्ही जाती बहुधा किरकोळ तक्रारींपलीकडे फारसा त्रास देत नाहीत. उलट निःशस्त्र सॅजिनाटाच लांबीने मोठा असतो.

व्यवहारात डोके पाहायला मिळणे विरळाच, कारण बाहेर पडतात ते शेवटचे, अंड्यांनी भरलेले खंड. काचपट्टीवर दाबून पाहिलेल्या खंडात गर्भाशयाच्या मधल्या नळीतून एका बाजूला निघणाऱ्या मुख्य फांद्या सोलियममध्ये साधारण 7 ते 13 असतात, तर सॅजिनाटामध्ये बहुधा 15 किंवा त्याहून अधिक. सॅजिनाटाचे सुटे खंड स्वतः सरपटत गुदद्वारातून बाहेर येतात आणि कपड्यांवर दिसतात, त्यामुळे रुग्ण स्वतःच ते घेऊन दवाखान्यात येतो. सोलियमचे खंड शौचातून निमूट निघून जातात आणि म्हणून वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाहीत. अंड्यांवरून मात्र जात ओळखता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जातींची अंडी अगदी सारखी दिसतात, म्हणून शौचाच्या अहवालात नुसते ‘टिनियाची अंडी’ एवढेच लिहिलेले असते.

खरा फरक मध्यस्थ पोषकात आहे. दोन्ही जातींचा अंतिम पोषक माणूस आहे, म्हणजे लांब कृमी माणसाच्याच आतड्यात वाढतो. मध्यस्थ पोषक म्हणजे ज्याच्या पोटात अंडी जाऊन मांसात पुट्या तयार होतात तो प्राणी. सॅजिनाटासाठी तो गाय, बैल किंवा म्हैस, सोलियमसाठी डुक्कर. उघड्यावरची मानवी विष्ठा डुकराने खाल्ली की अंड्याचे कवच त्याच्या पोटात विरघळते, आतला सहा अंकुशांचा गर्भ आतड्याची भिंत भेदून रक्तात उतरतो आणि स्नायूंत जाऊन पुटी बनतो. अशा पुट्या असलेले अर्धेकच्चे मांस खाल्ल्यावर माणसाला टिनिएसिस होतो.

सॅजिनाटाची अंडी माणसाच्या पोटात गेली तर त्यांतून पुट्या तयार होत नाहीत. ती वाट गुरांपाशीच संपते. सोलियमच्या गर्भाला मात्र डुक्कर आणि माणूस दोन्ही चालतात. त्याचे अंडे माणसाने गिळले की माणूसच मध्यस्थ पोषक होतो, आणि डुकराच्या स्नायूंत जे घडले असते ते माणसाच्या स्नायूंत, डोळ्यांत आणि मेंदूत घडते. सोलियम अधिक धोकादायक असण्याचे कारण एवढेच आहे. यात मांस खाण्याचा प्रश्नच येत नाही, कारण अंडी येतात ती आतड्यात सोलियम असलेल्या माणसाच्या विष्ठेतून: न धुतलेल्या हातांवरून, सांडपाण्यावर वाढलेल्या कोथिंबिरीतून किंवा कच्च्या खाल्लेल्या मुळ्याच्या पाल्यातून. डुकराचे मांस धर्मतः वर्ज्य मानणाऱ्या न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू कुटुंबांत हा रोग आढळल्याची नोंद 1992 साली प्रसिद्ध झाली. तेथे संशयाची सुई लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरकामगारांकडे वळली, आणि तपासलेल्यांपैकी एकीच्या आतड्यात पट्टकृमीचा संसर्ग सापडलाही. आपल्या आत्यांच्या बाबतीत मांसाहाराची चौकशी करणे म्हणूनच व्यर्थ आहे. चौकशी करायची तर घरात किंवा घरासाठी स्वयंपाक करणाऱ्यांपैकी कोणाच्या आतड्यात कृमी आहे का, याची करावी.

पुटी मेंदूत असूनही बराच काळ लक्षणे नसणे हे या रोगाचे वैशिष्ट्य आहे. जिवंत अळी शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवते आणि आसपास फारशी सूज येऊ देत नाही. ती मरू लागली की हा चकवा संपतो, भोवती सूज येते आणि आकडी येते. त्यामुळे पहिली आकडी संसर्गानंतर कित्येक वर्षांनीही येऊ शकते. आत्यांच्या अहवालात ‘वलय’ आणि त्यात एका कडेला ‘ठिपका’ असा उल्लेख असेल, तर तो ठिपका म्हणजे अळीच्या आत उलटे दुमडलेले स्कोलेक्सच होय, आणि तो दिसला की निदान जवळपास पक्के होते. ठिपका नसेल तर आपल्याकडे क्षयाच्या गाठीशी गल्लत होण्याची शक्यता राहते. गाठ दोन सेंटीमीटरहून मोठी आणि वेड्यावाकड्या कडांची असेल तर डॉक्टर क्षयाकडे अधिक झुकतात.

औषधोपचाराचा क्रमही याच कारणाने ठरतो. अल्बेंडाझोलने अळ्या एकदम मेल्या तर सूज वाढते, म्हणून त्यासोबत स्टेरॉइड आणि आकडीचे औषध देतात, आणि डोळ्यात पुटी नाही ना हे आधी तपासतात. घरातल्या ज्या व्यक्तीच्या शौचात टिनियाची अंडी सापडतील, तिच्यासाठी जात ठरण्याची वाट न पाहता ती सोलियमचीच आहेत असे धरून चालणे शहाणपणाचे. आतड्यातला कृमी घालवण्यासाठी निक्लोसामाइडला पसंती देण्याचेही एक कारण आहे: ते रक्तात जवळजवळ शोषले जात नाही, त्यामुळे मेंदूत नकळत एखादी पुटी असलीच तर ती डिवचली जात नाही. प्राझिक्वांटेल मात्र मेंदूपर्यंत पोहोचते.

तेव्हा लिहिताना ‘मेंदूतील पट्टकृमी’ ऐवजी ‘सोलियमच्या अळीची मेंदूतील पुटी’ असे लिहावे, आणि ‘मटणातून आली’ ऐवजी ‘अंडी पोटात गेल्याने झाली’.