ए-४ पान झेरॉक्स मशीनवर ५०% केलं तर अर्ध्याऐवजी पाव का होतं? बरोबर अर्ध्या कागदावर आणायला किती टक्के ठेवायचे?

७० किंवा ७१ ठेवा. त्यातही मी ७० सुचवेन, कारण पुढे सांगतो.

मशीनवरचा टक्का लांबीचा असतो, क्षेत्रफळाचा नसतो. ए-४ पान २१० मिमी रुंद आणि २९७ मिमी उंच. ५०% म्हटलं की मशीन दोन्ही बाजू अर्ध्या करतं, म्हणजे १०५ गुणिले १४८.५ मिमी. हा जवळजवळ ए-६चा आकार झाला आणि असे चार तुकडे एका ए-४वर बसतात. रुंदीतून निम्मं गेलं, उंचीतून निम्मं गेलं, निम्म्याचं निम्मं म्हणजे पाव उरलं. उत्तर काढायचं तर टक्का शंभराने भागा आणि आलेल्या संख्येचा वर्ग करा. ०.५चा वर्ग ०.२५.

क्षेत्रफळ निम्मं हवं असेल तर उलटं जायचं. कुठल्या संख्येचा वर्ग ०.५ येतो? ०.७०७चा. बहुतेक मशीनवर पूर्ण टक्केच देता येतात, म्हणून ७१ किंवा ७०. ७१% ला पान १४९.१ गुणिले २१०.९ मिमी होतं, पण ए-५ कागद १४८ गुणिले २१० मिमीचाच असतो. म्हणजे कडेचा मिलिमीटरभर भाग बाहेर जातो. पानाला चारी बाजूंनी समास असेल तर काही बिघडत नाही, पण चौकट अगदी कडेपर्यंत असेल तर ती तुटते. ७०% ला १४७ गुणिले २०७.९ मिमी, म्हणजे सगळं आत बसतं.

छोटं केलेलं परत मूळ मापाला आणताना फार लोक चुकतात. ८०% केलेली प्रत १२०% वाढवली तर ती मूळ मापाची होत नाही, ०.८ गुणिले १.२ म्हणजे ९६% वरच राहते. कमी केलेल्या टक्क्याने १०० ला भागायचं असतं : १ भागिले ०.८, म्हणजे १२५%. ७१% ची प्रत परत आणायला म्हणूनच १४१%.

संगणकावर फोटोचा आकार बदलतानाही हेच. ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा फोटो ५०% केला की २००० गुणिले १५०० होतो, १ कोटी २० लाख पिक्सेलचे ३० लाख उरतात. फक्त रुंदी ५०% झाली आणि उंची तशीच राहिली तर क्षेत्रफळ खरंच निम्मं होईल, पण चित्र चेपेल. गोल वस्तू अंडाकृती दिसू लागली की रुंदी-उंचीला जोडणारी साखळीची खूण सुटली आहे असं समजा.

जास्त काळजी मला छपाईच्या वेळी नकळत लागणाऱ्या टक्क्याची वाटते. पीडीएफ छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू असला की ९४ किंवा ९७% असा आकडा गुपचूप लागतो आणि डोळ्यांना फरक कळत नाही. समजा १:१०० प्रमाणाच्या नकाशात ४ गुणिले ३ मीटरची खोली आहे, म्हणजे कागदावर ४० गुणिले ३० मिमी. ९४% ला ती ३७.६ गुणिले २८.२ मिमी छापली जाते. त्यावर पट्टी ठेवून क्षेत्रफळ काढलं तर १२ऐवजी १०.६ चौरस मीटर येतं. लांबीत ६% ची चूक, क्षेत्रफळात जवळपास १२% ची. नकाशा छापण्याआधी त्यात बरोबर १०० मिमीची एक रेघ ठेवा आणि छापल्यावर ती मोजा. ९४ भरली तर छपाईचं प्रमाण १००% किंवा ‘मूळ आकार’ निवडून पुन्हा छापा.

पडद्यावरच्या झूममध्ये कागद बदलत नाही, खिडकीही तेवढीच राहते, म्हणून हिशेब उलटा दिसतो. २००% ला अक्षर चौपट जागा घेतं आणि खिडकीत मजकुराचा पाव भागच मावतो. १२५% हा किरकोळ बदल वाटतो, पण त्यात आधीच्या ६४% एवढंच दिसतं. एक अपवाद : पान खिडकीपेक्षा अरुंद असेल तर झूम आधी बाजूची रिकामी जागा खातो, तेवढ्यापुरता मजकूर फक्त उंचीच्या दिशेने कमी होतो. ब्राउझरमध्ये ओळी नव्याने मोडतात, त्यामुळे काही कापलं गेलं असं वाटत नाही. पण निव्वळ मजकुराचं पान असेल तर २००% ला त्याची लांबी साधारण चौपट होते, कारण ओळीत निम्मे शब्द मावतात आणि प्रत्येक ओळ दुप्पट उंच असते.