‘आधी बरं वाटू दे, मग करीन’ म्हणणारा क्लायंट

प्रश्न: ऐरोलीत प्लेसमेंटवर आहे. नैराश्याच्या क्लायंटला बिहेवियरल अ‍ॅक्टिवेशन म्हणून रोज अर्धा तास चालायला आणि आवडती गाणी ऐकायला सांगितलं. तीन सेशन झाली, रोजच्या नोंदीची वही कोरीच. म्हणतात, “आधी बरं वाटू दे, मग करीन.” मूडच नसेल तर माणूस करणार तरी कसा? मला जबरदस्ती केल्यासारखं वाटतं.

उत्तर:

चालणं आणि गाणी हा तुमचा अंदाज होता, क्लायंटच्या दिवसातून आलेली गोष्ट नव्हती. वही कोरी राहण्याचं निम्मं कारण इथेच आहे. मीही पहिल्या वर्षी ठाण्यात येणाऱ्या प्रत्येकाला तलावपाळीला फेऱ्या मारायला पाठवायचे. दोघं-तिघं गेले, बाकीच्यांनी सेशनच बंद केली.

एक केस सांगते. दोन-तीन जणांचे तपशील मिसळलेत, त्यामुळे ओळख शोधू नका. काका ५६ वर्षांचे, वर्तकनगरला राहणारे. एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर होते, कंपनीने व्हीआरएस घ्यायला लावली. आठ महिन्यांनी आले तेव्हा नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीवर १७ गुण; गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. पूर्वी रोज सकाळी सातला उपवन तलावावर चालायला जायचे, ते बंद. आता अकरापर्यंत अंथरुणात मोबाइल. काकू चहा तिथेच आणून देत.

पहिल्या आठवड्यात मी काहीही करायला सांगितलं नाही. फक्त नोंद: दर दोन तासांनी काय करत होतो, सोबत कोण, आणि मूड शून्य ते दहापैकी किती. वही आली तेव्हा बहुतेक रकान्यांत २ होते, आणि गुरुवारी दुपारी एकदम ५. विचारलं तर म्हणाले, “काही नाही हो, शेजारच्यांचा पंखा आवाज करत होता, तो उघडला.” त्यांना सांगण्यासारखंही वाटलं नव्हतं. आता त्याच दिवशीचा आधीचा रकाना बघा: २. म्हणजे पंख्याला हात लावताना मूड दोनच होता, तो वाढला नंतर.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन रकान्यांच्या मध्ये आहे. नैराश्यात “यातून मला काही मिळेल” हा अंदाजच खाली येतो. अंदाज शून्य म्हणून माणूस उठत नाही, उठत नाही म्हणून काही मिळत नाही, आणि अंदाज खरा ठरल्यासारखा वाटतो. इच्छेची वाट पाहिली तर हा अंदाज खोटा ठरायची संधीच येत नाही. म्हणून आपण बाहेरून आत जातो: मूड जिथे आहे तिथेच राहू द्यायचा आणि ठरलेल्या वेळी ठरलेली छोटी गोष्ट करायची. “मूड दोन असतानाच करायचंय, चार व्हायची वाट बघायची नाही,” हे वाक्य मी क्लायंटला जसंच्या तसं सांगते. मूड नसल्याचं कबूल केलं की जबरदस्तीही वाटत नाही.

मग उपवन का सुटलं? थकवा, असं मीही आधी धरून चालले होते. शेवटचं कधी गेलात आणि काय झालं, हे बारकाईने विचारल्यावर कळलं: ओळखीचे एक जण भेटले, म्हणाले, “काय, सध्या काय चाललंय?” दुसऱ्या दिवशी काका गेले नाहीत आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं. ही सुटका फार महत्त्वाची. टाळल्याबरोबर त्रास थांबतो, म्हणून टाळणं पक्कं होत जातं. त्याची किंमत संध्याकाळी दिसते, “आजचाही दिवस गेला.” अशा माणसाला “रोज चाला” सांगणं म्हणजे त्याला नेमकं त्या प्रश्नासमोर नेऊन उभं करणं. आळस म्हणून सोडून देऊ नका; टाळून काय मिळतंय ते विचारा.

दुसऱ्या आठवड्याची योजना अशी होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार सव्वासातला खाली उतरून कोपऱ्यावरून अर्धा लिटर दूध आणायचं. दहा मिनिटं. काकूंनी ते तीन दिवस दूध आणायचं नाही आणि चहा हॉलमध्येच द्यायचा. (काकूंना हे जड गेलं. नवरा आजारी आणि चहा खोलीत द्यायचा नाही? त्यांच्याशी वेगळं बोलावं लागलं.) शिवाय शनिवारी अकराला घरातला एक सैल स्विचबोर्ड. वार, वेळ, जागा, किती वेळ, हे सगळं कागदावर. “जमेल तसं” असं लिहिलं की ते होत नाही.

सोमवारी दूध आणून आल्यावर मूड ३. बुधवारी २, कारण लिफ्टमध्ये कोणीतरी तोच प्रश्न विचारला. शिकाऊ समुपदेशक इथे घाबरतात आणि योजना बदलतात. मी बदलली नाही. एकेका खेपेत मूड उसळावा अशी अपेक्षाच नसते, दोन-तीन आठवड्यांचा कल बघायचा. मात्र बुधवारने काम दिलं: सेशनमध्ये आम्ही उत्तर ठरवलं, “सध्या घरीच आहे, काही छोटी कामं बघतोय,” आणि चार-पाचदा म्हणून पाहिलं. पाचव्या आठवड्यात काका उपवनला गेले, पण संध्याकाळी पाचला, सकाळची मंडळी नसताना. सोसायटीतल्या किरकोळ दुरुस्त्या तोवर त्यांच्याकडे यायला लागल्या होत्या. गुण दुसऱ्या आठवड्यानंतर १६, सहाव्या सेशनला ११, आठव्याला ८.

मध्ये एक गंमत झाली. एक आठवडा योजना पूर्ण, पण मूड हलेना. विचारलं, “चालताना डोक्यात काय होतं?” म्हणाले, “तेच, व्हीआरएसच्या कागदावर सही का केली.” पाय तलावाकडे आणि डोकं अंथरुणातच. मग चालताना दुरुस्तीला आलेल्या वस्तू बघायच्या असं ठरलं: कुठला दिवा गेलाय, कुठलं रेलिंग सुटलंय. त्यांना ते लगेच जमलं.

ही पद्धत अर्धवट आहे, विचारांवरही काम करणारी खरी सीबीटी नव्हे, असं कोणी सुपरव्हिजनमध्ये म्हणेल. १९९६मध्ये नील जेकबसन यांच्या गटाने सीबीटीचे भाग वेगळे करून पाहिले, तेव्हा नुसता हा कृतीचा भागही पूर्ण उपचाराइतकाच उपयोगी ठरला. गोव्यात तर मानसशास्त्राची पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत ६ ते ८ सेशनमध्ये याच पायावरचा उपचार दिला. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेले निष्कर्ष चांगले होते.

पण सुरू करण्याआधी काही गोष्टी. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न, मरणाच्या विचारांचा, शून्याच्या वर असेल तर आधी सुरक्षितता आणि सुपरवायझर. दूध वगैरे नंतर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर क्लायंटकडे आणि घरच्यांकडेही असू द्या. दुसरं, पूर्वी कधी कमी झोपूनही अंगात प्रचंड उत्साह, बेसुमार खर्च, असे दिवस येऊन गेलेत का ते विचारा. बायपोलरची शंका असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवल्याशिवाय कामं वाढवत जाऊ नका. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलंय का, हेही. आणि घरात मारहाण चालू असेल तर वेळापत्रक हा त्यावरचा इलाज नाही.

तुमच्या कोऱ्या वहीचं काय करायचं? पुढच्या सेशनमध्ये ती घरी देऊच नका. कालचा दिवस समोर बसून, उठल्यापासून झोपेपर्यंत, तुमच्या हाताने भरा. “दिवसभर काहीच केलं नाही” असं ते म्हणतील. मग विचारा, दुपारी जेवण कोणी वाढलं, पाणी कोणी भरलं. आणि आकडा जिथे एकानेही वर दिसेल तिथे थांबा.