ओरोवान ताण काढताना अंतर कुठलं घ्यायचं?

ओरोवान ताण म्हणजे डिसलोकेशनला, धातूच्या स्फटिकातल्या रेषेसारख्या दोषाला, कठीण कणांच्या मधून वाकून पुढे जायला लागणारा जादा ताण. सूत्र सोपं आहे, Δτ ≈ Gb/L; G म्हणजे कातर मापांक, b म्हणजे डिसलोकेशन गेल्यावर स्फटिक जितका सरकतो ती लांबी, L म्हणजे कणांमधलं अंतर. घोळ होतो तो L मध्ये. डिसलोकेशन दोन कणांच्या मधल्या मोकळ्या जागेतून वाकून जातं, म्हणून केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर घेऊ नकोस, त्यातून कणाचा व्यास वजा कर.

ॲल्युमिनियम घे: G 26 GPa, b 0.286 nm. केंद्रांतलं अंतर 100 nm, व्यास 20 nm, म्हणजे L 80 nm. उत्तर सुमारे 93 MPa. वजाबाकी विसरलास तर 74.

हा कातर ताण आहे. यील्ड स्ट्रेंग्थमधली वाढ हवी तर बहुस्फटिकी धातूसाठी साधारण 3 ने गुण. तरी आकडा जास्तच येतो, कारण कणाच्या दोन्ही बाजूंचे वाकलेले भाग एकमेकांना ओढतात. याच सूत्राचं लॉग असलेलं सुधारित रूप ते धरतं. इथे ते जवळपास दोन तृतीयांशावर आणतं.

आणि कण मऊ, बारीक असतील तर ते कापलेच जातात; तिथे हे सूत्र लावूच नकोस.