व्हिडिओवरून नमुना वहीत उतरवताना: वाचकांचे प्रश्न

दर आठवड्याच्या टपालात निम्मी पत्रं एकाच अडचणीची असतात: व्हिडिओ पाहून विणलं, पण टाके जुळेनात. म्हणून यावेळी त्याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : अमेरिकन बाईंच्या व्हिडिओत 8 नंबरच्या सुया आहेत. माझ्याकडे 8 नंबर आहे. चालेल ना?

नाही. त्यांचा 8 म्हणजे 5 मिलिमीटर, आपला 8 म्हणजे 4 मिलिमीटर. वहीत नंबर लिहूच नका, मिलिमीटर लिहा.

प्रश्न : लाटांच्या नक्षीची शाल विणतेय. व्हिडिओतल्या ताई म्हणतात, 'मी 94 टाके घातलेत, तुम्ही हवे तेवढे घ्या.' खाली कुणी लिहिलंय की कुठलीही सम संख्या चालते. मी 100 घातले आणि तिसऱ्या ओळीत सगळं बिघडलं.

'कुठलीही सम संख्या चालते' असं लिहिणाऱ्यांनी ही शाल कधी विणलेली नाही. या नक्षीचा एक घास, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, 18 टाक्यांचा आहे. 94 म्हणजे पाच घास, 90, आणि दोन्ही कडांना दोन-दोन साधे टाके. तुम्हाला मोठी हवी असेल तर 112 घ्या, लहान हवी तर 76.

आता हे 18 व्हिडिओतून शोधायचे कसे? ताई वेगात विणतात आणि घास कुठे संपला ते सांगत नाहीत. संगणकावर यूट्यूब थांबवून `.` दाबलं की चित्र एकेक चौकट पुढे सरकतं, `,` दाबलं की मागे. तिसरी ओळ अशी पाहा आणि प्रत्येक कृतीपुढे दोन आकडे लिहा: डाव्या सुईवरचे किती टाके खर्च झाले, उजवीवर किती आले. 'दोन टाके एकत्र' तीनदा: खर्च 6, आले 3. मग 'लोकर पुढे, एक सुलट' सहादा: खर्च 6, आले 12. पुन्हा 'दोन टाके एकत्र' तीनदा: खर्च 6, आले 3. दोन्हीकडे बेरीज 18. ती जुळली नाही तर पुढची ओळ लिहू नका.

पहिली ओळ सगळी सुलट, दुसरी सगळी उलट आणि चौथी, कामाच्या मागच्या बाजूने, पुन्हा सुलट. तीत लोकर पुढे घेतलेले वेढेही टाके म्हणून विणायचे.

ओळ संपल्यावर सुईवरचे टाके मोजा. 94 ऐवजी 93 असतील तर एखादा वेढा निसटलाय, चूक हाताची. पण 99 भरले, म्हणजे बरोबर घासांच्या संख्येइतके वाढले, तर चूक वहीत आहे. बहुधा शेवटच्या सुलट टाक्यानंतरही लोकर पुढे घेतली जाते, कारण नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी असावी असं मनाला वाटतं. प्रत्येक घासात वेढे सहाच.

एक चूक मात्र मोजून सापडत नाही. ओळीच्या मध्ये एका घासाचे शेवटचे तीन आणि पुढच्याचे पहिले तीन लागून येतात, म्हणून 'दोन टाके एकत्र' सहादा दिसतं. ते पाहून सुरुवातीलाच सहादा लिहिलं तर बेरीज 18 येतेच, पण शालीची एक कड आकसते आणि दुसरी सुटते. म्हणून ओळीची सुरुवात, मधला घास आणि शेवट हे तिन्ही वेगळे पाहा. दोन घासांचा, म्हणजे 40 टाक्यांचा तुकडा आधी विणा आणि जाणत्या बाईंना दाखवा. शंभर टाके उसवण्यापेक्षा ते सोपं आहे.

प्रश्न : व्हिडिओत तीन रंग आहेत, पण मध्ये मध्ये काटछाट केलीय. क्रम कसा लिहू?

शेवटी तयार शाल दाखवतात तिथे थांबा. साध्या सुलट ओळीतल्या टाक्यांच्या 'व्ही'चं टोक ज्या बाजूला, तिकडून सुरुवात झालेली असते, तिथून रंग वाचा. 'आधी गुलाबी, मग पांढरा' एवढं पुरत नाही. ओळींचे आकडे लिहा: 1 ते 4 क, 5 ते 8 ख, 9 ते 12 ग. रंग पहिल्या ओळीलाच बदलायचा.

पडद्यावरच्या रंगावर विसंबून ऑर्डर देऊ नका. तोच गुलाबी दिव्याखाली वेगळा, मोबाइलवर वेगळा. 'व्हिडिओतलाच संच' म्हणून जे विकतात त्यात लेबल काढलेले गुंडे असतील तर घेऊ नका, कारण लॉट नंबर कळत नाही आणि कमी पडले तर तीच छटा पुन्हा मिळेलच असं नाही. दुकानदाराला वजन विचारून एकाच लॉटचे गुंडे एकदमच घ्या.

प्रश्न : ताई डाव्या हाताने विणताना दिसतात. सगळं उलटं लिहू का?

आधी गुंड्याच्या लेबलावरची अक्षरं पाहा. तीही उलटी दिसली तर व्हिडिओ आरशासारखा फिरलाय. अक्षरं सुलटी असतील तर ताई खरंच डावखुऱ्या आहेत, आणि मग वर्गातल्या बाईंना विचारून लिहा.

प्रश्न : मी लिहून काढलेला नमुना 50 रुपयांना विकू शकते का?

स्वतःसाठी खुशाल लिहा. विकायचा असेल तर व्हिडिओ करणाऱ्यांची लेखी परवानगी आधी घ्या, आणि त्यांनी नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही तर वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.