डिफरन्स अँप्लिफायर: एक टक्क्याचं लोडिंग आणि एकोणीस टक्क्यांचा घोळ

प्रश्न: चार रेझिस्टरचा डिफरन्स अँप्लिफायर लावलाय. R1 = R3 = १० के, R2 = R4 = १०० के, म्हणजे गेन १०. V1 = २.०० व्होल्ट, V2 = २.१० व्होल्ट. आउटपुट १ व्होल्ट यायला हवं, येतंय ०.८१. V2 च्या वायरवर नॉइज होता म्हणून तिथे १ के आणि कपॅसिटरचा फिल्टर टाकलाय, पण पुस्तकाप्रमाणे त्या बाजूचा इनपुट रेझिस्टन्स R3 + R4 = ११० के आहे, म्हणजे फरक जेमतेम एक टक्का पडायला हवा. शिवाय V1 च्या बाजूला R1 वर फक्त १०८ मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे १०.८ मायक्रोअँपिअर. त्यावरून V1 ला दिसणारा रेझिस्टन्स १८५ के निघतो. पुस्तक म्हणतं १० के. चूक कुठे आहे?

उत्तर:

चूक मोजण्यात नाही आणि पुस्तकातही नाही. तुमचे तिन्ही आकडे एकमेकांशी चोख जुळतात. पुस्तकातल्या त्या १० के मागे एक अट असते, ती बहुतेक वेळा छापलेली नसते, एवढंच. आधी करंट R1 वर पडलेल्या व्होल्टेजवरून काढलात, हे बरं केलंत. मायक्रोअँपिअरच्या रेंजवर मीटर R1 च्या सिरीजमध्ये घातला असतात, तर मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स R1 मध्ये मिसळून आणखी एक घोळ झाला असता.

आउटपुटचं सूत्र आणि इनपुट रेझिस्टन्स या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून शिकवतात, पण दोन्ही एकाच ओळीतून निघतात. नॉन-इन्व्हर्टिंग पिनपासून सुरुवात करा. ऑप-अँपची पिन करंट घेत नाही असं धरलं, तर R3 आणि R4 हा साधा डिव्हायडर आहे. फीडबॅकमुळे इन्व्हर्टिंग पिन त्याच व्होल्टेजवर येऊन बसते. मग R1 मधला करंट ठरला, आणि तोच करंट पुढे R2 मधून जातो:

```
Vp = V2 * R4 / (R3 + R4)
I1 = (V1 - Vp) / R1
Vo = Vp - I1 * R2
   = V2 * [R4/(R3+R4)] * (1 + R2/R1) - V1 * (R2/R1)
```

R4/R3 आणि R2/R1 ही गुणोत्तरं समान असतील, तरच शेवटची ओळ (R2/R1)·(V2 − V1) अशी आटोपशीर होते. नसतील तर V1 आणि V2 चे गुणक वेगळे राहतात, आणि दोन्हीकडे असलेला सामाईक व्होल्टेज पूर्ण वजा होत नाही. तुमच्याकडे तेच झालंय.

आता दुसरी ओळ नीट पाहा. I1 मध्ये V1 आहेच, पण Vp सुद्धा आहे, आणि Vp येतो V2 कडून. म्हणजे V1 च्या सोर्सला किती करंट द्यावा लागेल हे V2 किती आहे यावर ठरतं. V2 ग्राउंडला जोडला असेल तरच Vp शून्य होतो आणि V1 ला R1 दिसतो. पुस्तकातला १० के तो हाच. V2 च्या बाजूला असा गुंता नाही. R3 आणि R4 मधला करंट फक्त V2 वर अवलंबून आहे, V1 काहीही करो, तिकडे कायम R3 + R4 च दिसतो.

तुमच्या आकड्यांनी पाहू. १ के धरून डिव्हायडर १११ के चा झाला, म्हणून Vp = २.१० × १००/१११ = १.८९२ व्होल्ट. R1 च्या एका टोकाला २.०००, दुसऱ्याला १.८९२. मधला फरक १०८ मिलिव्होल्ट, करंट १०.८ मायक्रोअँपिअर. आउटपुट = १.८९२ − १०.८ मायक्रो × १०० के = ०.८११. सगळं जुळलं. २.०० भागिले १०.८ मायक्रो केल्यावर १८५ के निघतात हेही खरं, फक्त तो त्या दोन व्होल्टेजपुरता आकडा आहे. V2 बदला, तोही बदलेल.

दोन्ही इनपुट नेमके एकाच व्होल्टेजवर ठेवले आणि गुणोत्तरं जुळलेली असली, तर V1 ला R1 + R2 म्हणजे ११० के दिसतात. दोन्ही एकमेकांच्या उलट हलत असतील, एक जेवढा वर तेवढाच दुसरा खाली, तर Vp उलट दिशेला जातो, R1 वर जास्त व्होल्टेज पडतं आणि तुमच्या किमतींना ५.२४ के दिसतात, पुस्तकातल्या १० के च्या जवळपास निम्मे. आणि V1 = १, V2 = २ असेल तर Vp = १.८२ व्होल्ट होतो, म्हणजे करंट उलटा, V1 च्या सोर्समध्ये शिरतो. साध्या ऑप-अँपच्या आउटपुटला त्याचं काही वाटत नाही. पण V1 च्या जागी डायोड-कपॅसिटरचा पीक डिटेक्टर असेल, तर हा उलटा करंट कपॅसिटर हळूहळू वर चार्ज करत बसतो आणि आपण डायोड लीक होतोय म्हणून डायोड बदलत राहतो. (दोन डायोड बदलून झाल्यावर मला हे सुचलं होतं.)

सोर्स ग्राउंडशी न जोडलेला, तरंगता असेल आणि दोन इनपुटच्या मध्ये लावला असेल, तर त्याला R1 + R3 दिसतात, इथे २० के.

आता तुमचा मूळ मुद्दा, १११ मधला १ के म्हणजे एकच टक्का. बरोबर आहे, पण एक टक्का कशाचा? पूर्ण २.१० व्होल्टचा. फिल्टरच्या १ के वर १८.९ मिलिव्होल्ट पडतात. तुम्ही मोजताय तो फरक मुळात १०० मिलिव्होल्टचा, त्यातले १९ गेले. गेनने गुणल्यावर १ व्होल्टमधले ०.१९ गेले. हाच १ के दोन्ही इनपुट ०.०० आणि ०.१० व्होल्टवर असताना लावला असतात, तर आउटपुट ०.९९ आलं असतं आणि तुम्हाला संशयही आला नसता. सर्किट तेच, फरक तोच, फक्त दोन्ही २ व्होल्टने उचलले आणि चूक एकवीसपट झाली.

दुसऱ्या बाजूने बघितलं तर तुम्ही R3 चा ११ के केलात. चारपैकी एक रेझिस्टर दहा टक्क्यांनी सरकला. गेन १० असताना एका रेझिस्टरमधली चूक गुणिले १०/११, एवढा साधारण कॉमन-मोड गेन येतो, म्हणजे इथे ०.०९ च्या आसपास. तुलनेसाठी सांगतो, चारही रेझिस्टर एक टक्क्याचे असून सगळे वाईटात वाईट दिशेला गेले, तरी तो ०.०४ च्या पुढे जात नाही. लोक ०.१ टक्क्याचे रेझिस्टर शोधत फिरतात आणि सोर्सच्या रेझिस्टन्सकडे बघतही नाहीत. २५ के चे जुळवलेले रेझिस्टर आतच असलेल्या, गेन १ च्या आयसीमध्ये सुद्धा एका बाजूला फक्त ५ ओहम जास्त आले, की कॉमन-मोड रिजेक्शन ८० डीबीवर अडकतं. आतली जुळवणी कितीही बारीक असली तरी.

हे खरंच कॉमन-मोडचं दुखणं आहे की ऑप-अँपचा ऑफसेट, हे पाच मिनिटांत कळतं. फिल्टरच्या *आधी* दोन्ही इनपुट एकत्र जोडा आणि त्या जोडाला ०, १, २ व्होल्ट द्या. तुमच्याकडे आउटपुट ०, −९०, −१८० मिलिव्होल्ट यायला हवं. चढउतार दिसला तर जुळवणी बिघडलीय, तिन्ही वेळा तोच आकडा आला तर ऑफसेट. दोन ठिकाणी फसगत होते. फिल्टरच्या *नंतर* जोडलंत तर १ के हिशेबातून निघून जातो आणि सगळं छान दिसतं. आणि सिंगल सप्लाय असेल तर आउटपुट शून्याखाली जाऊ शकत नाही, त्यामुळे तिन्ही वेळा शून्याच्या आसपासच दिसेल आणि तुम्ही सर्किटला पास कराल. तसं असेल तर R4 चं खालचं टोक ग्राउंडऐवजी एका भक्कम १ व्होल्टच्या रेफरन्सला जोडा. आउटपुट १ व्होल्टच्या आसपास फिरेल. भक्कम म्हणजे बफर केलेला. तिथे पोटेन्शिओमीटर थेट लावलात तर त्याचा रेझिस्टन्स R4 मध्ये मिसळेल आणि पुन्हा तेच रामायण.

दुरुस्तीबद्दल एक सल्ला तुम्हाला नक्की मिळेल, तो घेऊ नका: "दोन्ही इनपुट रेझिस्टन्स सारखे करा." म्हणजे R3 = ९०९ ओहम, R4 = ९.०९ के घ्या, R3 + R4 चे १० के होतील, R1 एवढेच. गुणोत्तर बिघडत नाही, आउटपुटचं सूत्र तेच राहतं, कागदावर फार सुबक दिसतं. पण ही समानता V2 शून्य असतानाच्या R1 शी आहे. दोन्ही इनपुट एकत्र वर गेले की V1 ला ११० के दिसतात आणि V2 ला १० के. आता दोन्ही सोर्समध्ये अगदी सारखे, फक्त १०० ओहम असले, तरी कॉमन-मोड गेन पुन्हा ०.०९ च्या घरात येतो. जो घोळ घालायला तुम्हाला एका बाजूला १ के लागला, तो इथे दोन्हीकडच्या सारख्या १०० ओहमनी होतो. R1 = R3 आणि R2 = R4 ठेवलं, तरच दोन्हीकडच्या सारख्या सोर्स रेझिस्टन्सने जुळवणी टिकते, फक्त गेन थोडा उतरतो.

म्हणून तुमच्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे V1 च्या बाजूलाही तसाच १ के आणि तसाच कपॅसिटर लावा. जुळवणी परत येईल, गेन १००/११ म्हणजे ९.०९ होईल आणि आउटपुट ०.९०९ व्होल्ट येईल. गेन १० च हवा असेल तर R2 आणि R4 दोन्ही ११० के करा, ही किंमत सहज मिळते. मग R1 वर १०८ ऐवजी साधारण ८३ मिलिव्होल्ट दिसतील. हा १ के एक टक्क्याचा असला तरी पुरे. त्याची चूक १० ओहम, ती ११ के मध्ये ०.१ टक्काही होत नाही.

V1 चा सोर्स हात लावण्यासारखा नसेल, किंवा उद्या तिथे वेगळा सेन्सर येणार असेल, तर दोन्ही इनपुटवर फॉलोअर लावा. एका ड्युअल ऑप-अँपमध्ये काम होतं. फॉलोअर फिल्टरच्या नंतर, R1 आणि R3 च्या लगेच आधी हवा. फिल्टरच्या आधी लावलात तर १ के पुन्हा R3 च्या सिरीजमध्येच येतो आणि आउटपुट ०.८१ च राहतं.