99 टक्के विचरण व्यापूनही पीसीआरला ओलावा का कळत नाही

प्रश्न: «रबाळ्याच्या प्रयोगशाळेत दाणेदार पावडरमधील ओलावा निअर-इन्फ्रारेड स्पेक्ट्रमवरून काढायचा आहे. 40 नमुने, प्रत्येकाचे 3 स्पेक्ट्रम, 700 तरंगलांबी. पीसीआरचे पहिले दोन घटक 99% विचरण व्यापतात, तरी अंदाज चुकतो. पीएलएसने सुटेल का?»

पीसीआरमध्ये, म्हणजे मुख्य घटकांवर आधारलेल्या प्रतिगमनात, हे घटक ठरताना ओलाव्याचे आकडे पाहिलेच जात नाहीत. पावडरच्या स्पेक्ट्रममधला सर्वांत मोठा चढउतार बहुधा कणांच्या आकारामुळे प्रकाश विखुरल्याचा असतो. त्याने संपूर्ण वक्र वर-खाली सरकतो, आणि 1450 व 1940 नॅनोमीटरजवळचे पाण्याचे पट्टे त्या मानाने थोडेच हलतात.

सोयीसाठी दोनच तरंगलांबी घेऊ. विखुरणे s, ओलावा w, दोन्ही परस्परांपासून स्वतंत्र, विचरणे अनुक्रमे 100 आणि 1.

```
x1 = s + w
x2 = s - w
```

पहिला मुख्य घटक x1 + x2 या दिशेचा, म्हणजे निव्वळ s; तो 99 टक्के विचरण व्यापतो आणि ओलाव्याबद्दल काहीच सांगत नाही. पीएलएस, म्हणजे आंशिक न्यूनतम वर्ग पद्धत, मात्र प्रत्येक चलाचे y शी, म्हणजे मोजलेल्या ओलाव्याशी, असलेले सहविचरण पाहते. y = w असेल तर ती सहविचरणे 1 आणि −1 येतात, त्यामुळे पहिलाच घटक x1 − x2 होतो आणि s पूर्णपणे निघून जातो.

परंतु ओल्या मालाचे दाणे मोठे होत असतील आणि प्रत्यक्षात y = w + 0.1s असेल, तर सहविचरणे 11 आणि 9 येतात. y च्या विचरणात दोघांचा वाटा समान असूनही पीएलएसचा पहिला घटक जवळजवळ s च्याच दिशेला झुकतो, कारण सहविचरणात सहसंबंधाबरोबर त्या दिशेच्या विचरणाचेही वजन असते. म्हणून पीएलएसला बहुधा कमी घटक पुरतात एवढेच खात्रीने म्हणता येते. योग्य संख्येने घटक घेतल्यावर दोन्ही पद्धतींची चूक पुष्कळदा सारखीच निघते. उलट y पाहूनच घटक घडत असल्याने पीएलएस y मधला गोंगाटही लवकर उचलते.

तेव्हा पद्धतीच्या निवडीपेक्षा घटकांची संख्या कशी ठरते याकडे अधिक लक्ष द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तुमच्याकडे 120 ओळी असल्या तरी नमुने 40 आहेत. एकाच नमुन्याचे दोन स्पेक्ट्रम शिकण्याच्या भागात आणि तिसरा तपासणीच्या भागात गेला, तर मॉडेल ओलावा न शिकता नमुना ओळखू लागते आणि चूक फसवी कमी दिसते. मी स्वतः असे मॉडेल एकदा स्वीकारले होते, आणि नव्या बॅचवर ते लगेच कोसळले. R मध्ये तिन्ही स्पेक्ट्रम असे एकत्र ठेवता येतात:

```r
library(pls)
g <- split(seq_along(sample_id), sample_id)
m <- plsr(y ~ X, ncomp = 10,
          validation = "CV", segments = g)
plot(RMSEP(m))
```

अंदाजातील चुकीचा हा वक्र जिथे सपाट होऊ लागतो तिथेच थांबावे, सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत जाऊ नये. नंतर त्या मॉडेलचे गुणक तरंगलांबीनुसार काढून पाहावेत. पाण्याच्या पट्ट्यांजवळ ठळक उंचवटे न दिसता सगळीकडे करवतीसारखे दाते दिसले, तर घटक जास्त झाले आहेत.

शिवाय नमुने फेब्रुवारी ते मे या काळातलेच असतील, तर जुलैच्या दमट हवेतील माल त्यांच्या ओलाव्याच्या कक्षेबाहेर जाऊ शकतो. त्या अंदाजांवर दोन्ही पद्धतींत विसंबता येणार नाही. पावसाळ्यातले काही नमुने ओव्हनमध्ये वाळवून, त्यांचा ओलावा मोजून, मॉडेलमध्ये घ्यावेच लागतील.